बरणीचे बूड

वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळसर पांढरा, खांद्याशी गोल वळलेली, तोंडाला जाड काठ आणि त्यावर सैल बसणारे झाकण. हिंगोली जिल्ह्यातल्या जुन्या घरांत लोणच्याची बरणी म्हटली की हीच डोळ्यांपुढे येते. तिच्या शेजारी मिठाचा उभट सट असतो, क्वचित एखादी उंच, अरुंद गळ्याची तपकिरी बाटली असते आणि त्यांच्या मागे दोन-तीन लहान बरण्या एकात एक मावतील अशा मापांच्या. या भांड्यांचे वय विचारले तर उत्तर बहुधा ‘आजीच्या वेळचे’ एवढेच मिळते. प्रत्यक्षात बरणी स्वतः याहून पुष्कळ जास्त सांगते. झिलई, ठसा आणि भट्टीत ती कशावर टेकली होती त्याचे वण, या तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या तर बहुतेक बरण्या चाळीस-पन्नास वर्षांच्या टप्प्यात बसवता येतात.

पहिली गोष्ट अशी की यांतली एकही बरणी हिंगोलीत घडलेली नाही, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव हे पाचही तालुके काळ्या कातळाच्या, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टच्या पठारावर आहेत. त्या कातळाची झीज होऊन काळी कापसाची माती बनते. तीत लोह आणि चुना भरपूर, त्यामुळे मोठ्या आचेवर ती वितळून बसते. गावचा कुंभार तिच्यातून माठ, रांजण, गाडगी घडवतो, ती सुमारे आठशे-नऊशे अंशांवर भाजतो आणि ती सच्छिद्र राहतात. पाणी गार ठेवायला सच्छिद्रता हवीच असते. पण वर्षभर मुरणाऱ्या लोणच्याचा खार आणि तेल अशा भांड्यातून बाहेर पाझरते. लोणच्याला लागते ते स्टोनवेअर, म्हणजे साधारण बाराशे ते तेराशे अंशांवर भाजलेली, आतून जवळजवळ काचेसारखी घट्ट झालेली माती. तशी आच सोसणारी माती कोळशाच्या थरांबरोबर सापडते. बंगालमधले राणीगंज, मध्य प्रदेशातले जबलपूर, आपल्याकडे चंद्रपूर ही त्यासाठीची जुनी ठिकाणे. म्हणून हिंगोलीतली प्रत्येक बरणी बाहेरून आली आहे, आणि तिचे वय शोधणे म्हणजे ती कोणत्या भट्टीतून निघाली हे शोधणे.

बाहेरून येण्याच्या वाटाही काळानुसार बदलल्या. हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची येथे छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज वेगळी उरली नाही. तोवर इंग्रज अधिकाऱ्यांच्या वापरासाठी दारू, शिरका, शाई, आल्याचे पेय अशा वस्तू स्टोनवेअरच्या बाटल्यांतून आणि बरण्यांतून इंग्लंड-स्कॉटलंडहून हिंदुस्थानात येत. रिकामी झालेली भांडी फेकली जात नसत. ती बाजारात विकली जात आणि घराघरांत तेल-मिठासाठी रुजू होत. छावणीच्या गावांत अशी भांडी आजही निघतात ती यामुळे. पुढे हैदराबाद-मनमाड मीटरगेज रस्ता १९०० च्या सुमारास सुरू झाला, मग पूर्णेहून हिंगोलीला फाटा आला. दुसऱ्या बाजूने वाशीम-अकोल्याचा वऱ्हाडी बाजार जवळ होता. चिनी मातीची भांडी गवतात बांधून पाठवावी लागतात आणि बैलगाडीच्या हिसक्यांनी ती फुटतात. देशी कारखान्यांच्या मोठ्या बरण्या खेड्यापर्यंत स्वस्तात पोचल्या त्या रेल्वेनंतर.

देशी कारखान्यांपैकी राणीगंजचा बर्न आणि कंपनीचा कारखाना सर्वांत जुना आणि मोठा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे सांडपाण्याचे नळ, विटा आणि त्यांच्याबरोबर भांडीही निघू लागली. जबलपूरला बर्नचीच एक शाखा होती आणि परफेक्ट पॉटरी ही स्वतंत्र कंपनीही विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होती. पश्चिमेकडे सौराष्ट्रातील थानगड येथे परशुराम गणपुले या मराठी माणसाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारखाना उभा केला. आज मोरबी-वांकानेर-थान हा जो पट्टा देशभर टाइल आणि भांडी पुरवतो, त्याच्या मुळाशी हा कारखाना आहे. ग्वाल्हेर, कलकत्ता आणि उत्तर प्रदेशातले चुनार-खुर्जा ही नावेही बरण्यांच्या बुडाशी भेटतात. खुर्ज्याचा आधुनिक धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी कारखान्यापासून वाढला, म्हणून खुर्ज्याची स्टोनवेअर बरणी बहुधा १९४० नंतरची धरावी.

पाहणीची सुरुवात बरणी उलटी करून करावी. बुडाशी झिलई नसलेला जो भाग असतो तेथे मातीचा खरा रंग दिसतो. राखाडी किंवा फिकट बदामी, दाणेदार, नखाने न खरवडली जाणारी माती स्टोनवेअरची. लालसर, मऊ, खडूसारखी पूड देणारी माती कमी आचेची. या उघड्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवला तर स्टोनवेअरवर तो बराच वेळ तसाच राहतो. कमी भाजलेल्या मातीत मिनिटभरात जिरतो. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर घट्ट भाजलेली बरणी खणखणते, तडा गेलेली किंवा कच्ची बरणी बद्द वाजते. एवढे झाले की झिलईकडे वळावे.

या भांड्यांवरची सर्वांत जुनी झिलई मिठाची. भट्टी पूर्ण तापली की वरच्या भोकांतून किंवा चुलीच्या तोंडातून साधे मीठ आत फेकतात. मिठाची वाफ होते, तिच्यातला सोडियम भांड्याच्या मातीतल्या सिलिकेशी जुळतो आणि पृष्ठभागावर पातळ काच तयार होते. ही काच लावलेली नसते, जागीच जन्मलेली असते. म्हणून ती एकसारखी गुळगुळीत नसून संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची असते. बोट फिरवले की लगेच कळते. वाफ बंद भांड्याच्या आत पोचत नाही, म्हणून कारागीर आतून वेगळी, लोहयुक्त मातीची पातळ गर्द तपकिरी झिलई आधीच ओतून घेत. बाहेरून खळगेदार, आतून गुळगुळीत तपकिरी, हे मिठाच्या झिलईचे ठळक लक्षण. दोन भांडी शेजारी लागली असतील तेथे वाफ अडते आणि फिका, निस्तेज डाग उरतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. दुरंगी बरणी म्हणजे नवी आणि एकरंगी तपकिरी म्हणजे जुनी, असे विक्रेतेही सांगतात. ते खरे नाही. इंग्लंडमध्ये मिठाची झिलई चालू असतानाच भांड्याचा वरचा अर्धा भाग लोहयुक्त मातीच्या पाण्यात बुडवून तपकिरी करण्याची रीत होती. म्हणजे दुरंगीपणा मिठाच्या झिलईइतकाच जुना असू शकतो. फरक रंगात नाही, पृष्ठभागात आहे.

तो फरक घडवला ब्रिस्टलच्या कुंभारांनी. ब्रिस्टलमधल्या पॉवेल यांच्या कारखान्यात १८३५ च्या सुमारास फेल्डस्पार, जस्ताचे भस्म, चुना आणि चिनी माती यांची पाण्यात कालवलेली झिलई स्टोनवेअरसाठी तयार झाली. भांडे तिच्यात बुडवायचे आणि एकाच भाजणीत काढायचे. मीठ नको, वाफ नको, आत-बाहेर एकच गुळगुळीत आवरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती ब्रिटनभर पसरली आणि तिच्याच नमुन्यावर हिंदुस्थानातले कारखाने चालले. आपली नेहमीची बरणी ही या ब्रिस्टल झिलईची. खालचा भाग साध्या झिलईत, वरचा त्याच झिलईत लोखंडाचे ऑक्साइड मिसळून केलेल्या तपकिरीत. दोन्ही जेथे एकमेकींवर येतात तेथे बोटभर रुंदीचा पट्टा दिसतो. हाताने बुडवलेल्या बरणीत ही रेघ किंचित तिरकी असते, एका बाजूला खाली उतरलेली, कारण कारागिराने जड भांडे बुडाकडून धरून उलटे बुडवलेले असते. फवाऱ्याने उडवलेल्या झिलईत रेघ नसते. तपकिरी रंग ठिपक्याठिपक्यांनी विरळ होत पांढऱ्यात मिसळतो. तशी बरणी बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

पांढऱ्या भागाची छटाही बोलते. जस्तावर भागवलेली जुनी झिलई सायीच्या रंगाची, किंचित पारदर्शक, सुईच्या टोकाएवढ्या भोकांची आणि कोळशाच्या भट्टीतल्या राखेने किंवा मातीतल्या लोहकणांनी ठिपकेदार असते. दुसऱ्या महायुद्धानंतर झिर्कोनियमची संयुगे झिलई अपारदर्शक करण्यासाठी सर्रास वापरात आली. त्यांचा पांढरा रंग थंड, सपाट, खोली नसलेला दिसतो. बरणीच्या आतून-बाहेरून असा एकसारखा पांढरा दिसला तर ती स्वातंत्र्यापूर्वीची असण्याची शक्यता जवळजवळ संपते. एवढे एक लक्षण विक्रेत्याच्या कितीही रंगतदार गोष्टीवर मात करते.

झिलईनंतर ठसा. स्टोनवेअरवरचा जुना ठसा ओल्या, कातड्याइतक्या घट्ट झालेल्या मातीत धातूच्या शिक्क्याने दाबलेला असतो. अक्षरे खोलगट असतात आणि झिलई त्यांच्यात साचून गडद दिसते. नंतरच्या काळात रबरी शिक्क्याने झिलईखाली निळा किंवा काळा रंग उमटवण्याची पद्धत आली. ठसा वाचताना एक नियम पक्का धरावा: ठशातली प्रत्येक गोष्ट ‘याआधीची नाही’ एवढेच सिद्ध करते, ‘याच वर्षीची’ हे सिद्ध करत नाही. धातूचा शिक्का झिजेपर्यंत वापरला जाई, आणि कंपनीचे नाव बदलल्यावरही जुना शिक्का काही वर्षे चालत राही.

ब्रिटिश भांड्यांवर नुसते ‘इंग्लंड’ असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचे. अमेरिकेच्या आयात कायद्याने त्या वर्षापासून मालावर देशाचे नाव मागितले आणि कारखान्यांनी सगळ्याच मालावर ते घालायला सुरुवात केली. हिंदुस्थानात १८८९ मध्ये मालावरील खुणांचा कायदा झाला होताच. ‘मेड इन इंग्लंड’ हे पूर्ण रूप मुख्यतः विसाव्या शतकातले. देशी मालावर नोंदणीकृत व्यापारचिन्ह असल्याची खूण असेल तर ती १९४० च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतरची असण्याचा संभव मोठा. गावाच्या नावाचे स्पेलिंगही कामाला येते. जबलपूरचे इंग्रजी रूप पूर्वी ‘जुब्बलपोर’, कानपूरचे ‘कॉनपोर’, राणीगंजचे ‘राणीगुंज’ अशा धर्तीवर लिहिले जाई. स्वातंत्र्याच्या आसपास आजची रूपे रुळली. बर्न स्टँडर्ड हे जोडनाव ठशात असेल तर बरणी १९७६ च्या आधीची असूच शकत नाही, कारण राष्ट्रीयीकरणानंतर ही कंपनी त्या वर्षी या नावाने उभी राहिली. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

मापाच्या आकड्यांत मात्र सावध राहावे. लिटर किंवा किलो लिहिलेली बरणी दशमान पद्धतीनंतरची, हे सोपे आहे: १९५६ चा कायदा १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला आणि १९६२ पर्यंत देशभर लागू झाला. पण बहुसंख्य बरण्यांवर नुसता आकडा असतो. तो गॅलनचा, शेराचा की कारखान्याच्या यादीतला आकार-क्रमांक, हे बरणी मोजून ठरवावे लागते. त्यासाठी रिकामी बरणी वजनकाट्यावर ठेवावी, गळ्यापर्यंत पाणी भरावे आणि फरक काढावा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर. आता इंग्रजी गॅलन ४.५५ लिटरचा. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पाच शेर पाणी ४.६७ लिटर. या दोन मापांत अडीच टक्क्यांचाच फरक आहे. स्टोनवेअरची माती वाळताना आणि भाजताना प्रत्येक बाजूने दहा-बारा टक्के आकसते. भट्टीच्या गरम कोपऱ्यातली बरणी थोडी जास्त, थंड कोपऱ्यातली थोडी कमी, त्यामुळे एकाच साच्याच्या दोन बरण्यांतही दोन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणून एक गॅलनची आणि पाच शेरांची बरणी केवळ पाणी मोजून वेगळी ओळखता येत नाही. पाच लिटरची मात्र येते, कारण ती त्यांच्यापेक्षा सात ते दहा टक्क्यांनी मोठी असते.

सर्वांत भरवशाचा पुरावा उरतो तो भट्टीतल्या वणांचा. ठसा खोटा मारता येतो, झिलईची नक्कल करता येते. पण भांडे भट्टीत कसे रचले गेले हे लपवण्याचा विचार नक्कल करणाऱ्याच्या मनातही सहसा येत नाही. झिलई वितळते तेव्हा ती गोंदासारखी चिकटते. झिलईचे भांडे थेट फरशीवर ठेवले तर थंड झाल्यावर ते फरशीसकट उचलावे लागेल. म्हणून प्रत्येक भट्टीत भांडे आणि आधार यांच्यात काहीतरी ठेवावे लागते, आणि जे ठेवले त्याचा वण राहतो.

कोळशाच्या गोल भट्टीत बरण्या एकावर एक रचत. खालच्या बरणीच्या तोंडावर वरच्या बरणीचे बूड, किंवा तोंडाला तोंड लावून. दोहोंमध्ये वाळूत घोळवलेल्या अग्निमातीच्या छोट्या गोळ्या दाबून ठेवत. भाजणी झाल्यावर या गोळ्या हातोडीच्या हलक्या घावाने उडवून टाकत. अशा बरणीच्या बुडाच्या कडेला तीन-चार खडबडीत, वाळू रुतलेले ओबडधोबड डाग राहतात, त्यांचे अंतर नेमके नसते, आणि तोंडाच्या काठावर झिलई नसलेली कोरडी कडा दिसते. झाकण बरणीवरच ठेवून भाजले असेल तर झाकणाच्या आतल्या कडेचा आणि बरणीच्या काठाचा रंग एकच असतो, दोन्हीवर ज्वाळेची तपकिरी झाक एकाच बाजूला पडलेली असते. झाकण मूळचे की दुसऱ्या बरणीचे, हे यावरून कळते. झाकणे आधी फुटतात, म्हणून जुन्या घरात मूळ झाकण असलेली बरणी कमीच मिळते.

महाग किंवा नाजूक माल राखेपासून वाचवण्यासाठी सॅगर नावाच्या अग्निमातीच्या पेट्यांत ठेवत. पेटीच्या छताचा चुरा भाजताना खाली पडे. खांद्यावर झिलईत रुतलेले बारीक तांबूस खडे दिसले तर ते या चुऱ्याचे. कुशीवर एखादा गुळगुळीत कापल्यासारखा डाग असेल तर शेजारचे भांडे टेकून मग तोडून काढल्याचा तो वण. हे सगळे दोष त्या काळी मालाची किंमत उतरवत. आज तेच बरणीचे वय सांगतात.

बोगदा भट्टी आली आणि हे चित्र बदलले. तीत माल रुळांवरच्या गाड्यांवर, सपाट फळ्यांवर मांडला जातो आणि गाडी सावकाश गरम पट्ट्यातून पुढे सरकते. बुडावरची झिलई ओल्या स्पंजाने एकसारखी पुसतात, फळीवर ॲल्युमिनाची पांढरी भुकटी असते. अशा बरणीच्या बुडाला गोळ्यांचे वण नसतात. कडेला सुरेख, सरळ कापलेली झिलईची हद्द आणि पांढरट, पावडरीसारखा स्पर्श एवढेच असते. तरीही याला तारीख म्हणून वापरताना हात आखडावा. सगळे कारखाने एकदम बदलले नाहीत. खुर्ज्यासारख्या ठिकाणी कोळशाच्या गोल भट्ट्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धूर ओकत होत्या. म्हणजे स्वच्छ बूड हे बरणी नवी असल्याचे बळकट लक्षण आहे, पण खडबडीत वण हे एकट्याने जुनेपणाचे प्रमाण नाही.

वणांचा तिसरा प्रकार आरोग्याशी जोडलेला आहे. बूड पूर्ण झिलईने झाकलेले आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे तीन उंचवटे किंवा खळगे त्रिकोणात असतील, तर भांडे तीन टोकांच्या आधारावर ठेवून भाजलेले आहे. असे बारीक आधार बाराशे अंशांच्या पुढे जड बरणीखाली वाकतात, म्हणून ते कमी आचेच्या मातीच्या भांड्यांसाठीच वापरले जातात. कमी आचेवर वितळणाऱ्या जुन्या झिलयांत शिसे असण्याची शक्यता असते आणि कैरी-लिंबाचे आम्ल ते हळूहळू विरघळवते. तीन टोकांच्या वणाची, लालसर मातीची रंगीत बरणी शोभेला ठेवावी, तीत लोणचे घालू नये.

बुडावर घडणीच्याही खुणा असतात. चाकावरून दोऱ्याने कापलेल्या भांड्याच्या बुडावर शिंपल्यातल्या रेघांसारख्या वक्र रेषा उमटतात आणि आत हात घातला तर बोटांच्या फिरत्या वळ्या लागतात. साच्यात ओतलेल्या बरणीला आत वळ्या नसतात. बाहेर उभी, घासून बुजवलेली जोडाची रेघ तिरप्या उजेडात दिसते.

आता एक नमुना पूर्ण तपासून पाहू. वसमतच्या एखाद्या वाड्यात मिळावी तशी दुरंगी बरणी घेऊ. उंची हातभर, माती फिकट बदामी, थेंब न जिरणारी. झिलई आत-बाहेर गुळगुळीत, म्हणजे मिठाची नव्हे, ब्रिस्टल पद्धतीची. १८८० च्या आधीची असण्याची शक्यता येथेच कमी होते. पांढरा भाग सायीच्या रंगाचा, ठिपकेदार. झिर्कोनियम नाही, त्यामुळे १९५० च्या फार पुढची असण्याची शक्यता कमी. दुरंगी रेघ तिरकी, हाताने बुडवलेली. खांद्याजवळ दाबलेला लंबगोल ठसा, त्यात जबलपूरचे जुने स्पेलिंग आणि खाली २ हा आकडा. पाणी मावते ९.२ लिटर. दोन गॅलन म्हणजे ९.०९ आणि दहा शेर म्हणजे ९.३३, मोजमाप दोहोंच्या मध्ये पडते आणि निकाल देत नाही. कल ठशातला आकडा दाखवतो: शेराचे माप असते तर तेथे १० असता, म्हणून हे बहुधा दोन गॅलन. बुडाला चार वाळूचे वण, काठ कोरडा, आत बोटांच्या वळ्या. कोळशाची गोल भट्टी, चाकावरची घडण. जबलपूरचे भांडी-कारखाने विसाव्या शतकाच्या आरंभी जोमात होते आणि वाशीम-अकोल्याच्या बाजारामार्फत त्यांचा माल इकडे येणे स्वाभाविक होते. सगळे ताडून या बरणीला बहुधा १९०० ते १९५० हा टप्पा देता येतो. ठशात कंपनीचे पूर्ण नाव वाचता आले तर तो आणखी आवळता येईल. न वाचता आले तर येथेच थांबणे योग्य. ‘१९२५ ची’ असे लेबल लावणे म्हणजे पुराव्यापुढे धावणे.

काही खुणा दिसायला जुन्या पण वयाबद्दल निरर्थक असतात, आणि हिंगोलीत त्यांतली सर्वांत फसवी आहे हळद. वसमत-हिंगोलीचा हा हळदीचा मुलूख. लोणच्यात ती सढळ हाताने पडते. झिलई आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात तेव्हा झिलईला केसाएवढ्या बारीक चिरांचे जाळे पडते. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि तेलाबरोबर त्या चिरांत शिरतो. ते पिवळे जाळे पाहून बरणी शंभर वर्षांची वाटते. पण हळदीचा रंग उन्हात फिकट होतो. चिरांतला ठसठशीत पिवळा रंग जुनेपणाचा नाही, अलीकडच्या वापराचा पुरावा आहे. जुन्या, बरीच वर्षे रिकाम्या बरणीत त्या चिरा करड्या-तपकिरी झालेल्या असतात. चिरा स्वतःही वयाची साक्ष देत नाहीत. काही बरण्यांना त्या भट्टीतून काढताना पहिल्याच दिवशी पडतात.

बाहेरच्या बाजूने पांढरा खार फुटणे हेही वय नव्हे, कच्ची भाजणी दाखवते. आतले मीठ चिरांतून मातीत शिरते, बाहेर येऊन वाळते, त्याचे स्फटिक वाढतात आणि झिलईचे पापुद्रे उडवतात. अशी बरणी वापरायची की नाही हे ठरवण्याची रीत सोपी आहे: पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी. सकाळी कागद ओला असेल तर तीत खाराचे लोणचे घालू नये, कोरडे जिन्नस ठेवावेत.

खरी झीज कोठे होते हे माहीत असले की बनावट जुनेपणही उघडे पडते. बरणी वर्षानुवर्षे शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर सरकवली जाते, त्यामुळे बुडाच्या फक्त टेकणाऱ्या कडेवर गुळगुळीत झीज होते, मधला खोलगट भाग जसाच्या तसा राहतो. आत डावाचे ओरखडे तोंडाच्या एका बाजूला जास्त असतात, कारण काढणारा हात एकाच बाजूने येतो. सगळ्या बुडाला एकसारखी काजळी, सगळ्या पृष्ठभागावर एकसारखे ओरखडे असले तर तो काचकागदाने घासून आणलेला जुनेपणा आहे. हल्ली अशा बरण्या सजावटीच्या दुकानांत आणि फोनवरून विकल्या जातात, आणि बुडाकडे न पाहता घेतल्या जातात.

प्रयोगशाळेचा आधार येथे फारसा उपयोगी नाही. भाजलेल्या मातीचे वय प्रकाश-उत्सर्जनावरून काढण्याची पद्धत आहे, पण तिच्यासाठी बुडातून माती कोरून घ्यावी लागते आणि उत्तरात वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चूक राहू शकते. हजार वर्षांच्या भांड्यात ती चूक सोसते; ऐंशी-शंभर वर्षांच्या बरणीत ती मिळालेल्या माहितीपेक्षा मोठी होते. त्याऐवजी घरातला कागद आणि पितळ जास्त कामाचे. लग्नात आंदण आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव आणि साल ठोकून घेण्याची आपल्याकडे रीत होती. ज्या आंदणात बरणी आली त्याच आंदणातल्या घागरीवर साल असेल, तर ती बरणी घरात केव्हा आली हे नेमके कळते. घडली केव्हा हे मात्र बुडावरूनच ठरते, आणि ही दोन वर्षे वेगळी असू शकतात: मोठी बरणी दुकानात वर्षानुवर्षे पडून राहत असे किंवा एका घरातून दुसऱ्या घरात जात असे.

ज्यांच्या घरी अशा बरण्या आहेत त्यांनी एवढे करावे. बरणी घासून-पुसून लख्ख करण्याआधी, विकण्याआधी किंवा कुंडी करण्याआधी तिच्या बुडाचे, काठाचे आणि ठशाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, मावणारे पाणी मोजावे आणि ती कोणाकडून, कोणत्या गावाहून आली ते वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून तो कागद झाकणाखाली ठेवावा. बुडाशी रुतलेली वाळू तारेच्या घासणीने काढू नये. बरणीचा सर्वांत पक्का पुरावा तोच असतो.